राखीव दिवस : एकोणतीस तासांचा घटनाक्रम

या टिपणातल्या वेळा मलकापूरच्या घड्याळाच्या आहेत. मी तेव्हा कंपनीच्या कामानिमित्त इंग्लंडात, मँचेस्टरच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. पण घरून काकांचे फोन मलकापूरच्या वेळेनं यायचे आणि तो सामनाही मला त्याच वेळेनं आठवतो.

मंगळवार, ९ जुलै २०१९. दुपारी २.००. निकालाला साडेएकोणतीस तास.

विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड, मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. माझ्या लॅपटॉपवर दोन बुकींची पानं शेजारी शेजारी उघडी होती. दोन्ही तिथल्या परवान्यावर चालणाऱ्या कंपन्या. त्यांची नावं इथं सांगत नाही. पहिलीला पहिली म्हणतो, दुसरीला दुसरी.

माझा धंदा पैज लावण्याचा नव्हता, निदान माझ्या समजुतीनं नव्हता. वडील गुळाच्या व्यवहारात होते. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एक भाव, कोकणात उतरल्यावर दुसरा, मधला फरक आपला, आणि मध्ये आंबा घाट. मी तेच करतो आहे असं मला वाटायचं. एका बुकीकडं भारताचा भाव जरा जास्त असतो, दुसऱ्याकडं न्यूझीलंडचा. दोन्हींवर मापून पैसे लावले की कोणीही जिंको, चार पौंड सुटतात. तिकडं याला आर्बिट्राज म्हणतात. घाटात दरड कोसळली तर गूळ ट्रकमध्येच पाझरतो, हे मात्र वडिलांना ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो.

दुपारी २.३०. एकोणतीस तास.

नाणेफेक. विल्यमसननं जिंकली आणि फलंदाजी घेतली. त्या स्पर्धेत ओल्ड ट्रॅफर्डवर झालेले पाचही साखळी सामने आधी फलंदाजी करणाऱ्यानं जिंकले होते. त्यामुळं नाणं पडताच भाव हलले. पहिल्या कंपनीनं लगेच भारताचा भाव वाढवून १.४० केला. दुसरी पेंगत होती. तिच्या पानावर न्यूझीलंडचा जुना ३.७० तसाच होता.

हिशेब असा करतात. प्रत्येक भावानं एकाला भागायचं. १.४० नं भागलं तर ०.७१४ येतात, ३.७० नं भागलं तर ०.२७०. बेरीज ०.९८४. ती एकाच्या खाली आली म्हणजे फट आहे, शंभराला दीड पौंडाच्या आसपास. भारतावर ७२० पौंड लावले तर जिंकल्यावर १,००८ मिळतात. न्यूझीलंडकडूनही १,००८ यायला हवे असतील तर तिथं २७२ पौंड ४३ पेन्स लावायचे. दोन्ही मिळून ९९२ पौंड ४३ पेन्स गुंतले, कोणीही जिंकलं तरी साडेपंधरा पौंड हातात. पौंड तेव्हा पंच्याऐंशी रुपयांच्या घरात होता. म्हणजे चौऱ्याऐंशी हजार अडकवून तेराशे रुपये.

पण २७२ पौंड ४३ पेन्स अशी पैज हौशी माणूस कधी लावत नाही. हौशी माणूस अडीचशे लावतो, तीनशे लावतो. पेन्सापर्यंतचा आकडा दिसला की बुकी ओळखतो, हा हिशेब करून आलेला आहे, आणि तुमचं खातं आखडतो. म्हणून आकडा गोल करायचा. मी २७० धरले. अडीच पौंडांनी काय होतंय, असं वाटतं. होतं असं, की भारत जिंकला तर नफा १८ आणि न्यूझीलंड जिंकला तर ९. एका बाजूचा नफा दुसरीच्या निम्मा झाला, आणि भारतानंच जिंकावं असं मला नकळत हिशेबानंही वाटू लागलं. आर्बिट्राज करणाऱ्याला कोणी जिंकावं असं काही वाटता कामा नये. आधीच मी भारतीय, त्यात हे.

दुपारी २.३४.

इथं पहिली चूक, आणि ती नवशिक्याचीच होती. मी आधी पहिल्या कंपनीकडं भारतावर ७२० लावले. पैज एका क्षणात स्वीकारली गेली. खरं तर तिचा भाव ताजा होता, तो कुठं पळणार नव्हता. पळणार होता तो दुसरीचा शिळा ३.७०. जो भाव चुकून उरलेला असतो तो आधी पकडायचा, तो हाती लागला तरच दुसऱ्या बाजूला जायचं. मी मोठी रक्कम आधी लावली, कारण मोठ्या रकमेची धास्ती मोठी होती.

दुसरीकडं २७० टाकले, बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. ‘तुमची पैज तपासली जात आहे.’ म्हणजे आत कोणीतरी माणूस ती बघतो आहे. दहा सेकंद, वीस सेकंद. या वेळात मी ७२० पौंड एकट्या भारतावर लावून बसलेला साधा जुगारी होतो. चाळीसेक सेकंदांनी उत्तर आलं. जुन्या भावानं १५० पौंडांपर्यंत घेऊ, त्यापुढं ३.५०.

३.५० म्हणजे काय ते बघा. १.४० आणि ३.५० यांची तीच बेरीज केली तर बरोबर एक येतो. फट बुजली. १५० पौंड ३.७० नं घेतले, त्याचे ५५५ होणार. उरलेल्या ४५३ साठी ३.५० नं १२९ पौंड ४३ पेन्स लागत होते, ते गोल करून १३० लावले. एकूण हजार पौंड गुंतले. भारत जिंकला तर ८ पौंड नफा, न्यूझीलंड जिंकला तर १०. साडेपंधराचे आठ झाले ते सामना सुरू होण्याआधीच.

आठ तर आठ, म्हणून चहा टाकला.

दुपारी ३.४५. पावणेअठ्ठावीस तास.

दहा षटकांत न्यूझीलंडच्या २७ धावा, एक बाद. गप्टिल एका धावेवर गेला होता. काकांचा फोन.

“बघतुयास का रं? लै टुकूटुकू खेळायल्यात.”

“बघतोय काका.”

“हितं पाऊस लै लागलाय. लाईट जातीया नि येतीया. तिकडं हाय का पाऊस?”

ढग होते. मी तसं सांगितलं.

संध्याकाळी ६.३०. पंचवीस तास.

४६.१ षटकं, २११ धावा, ५ बाद. टेलर ६७ वर खेळत होता. पाऊस आला, खेळ थांबला.

मी निर्धास्त होतो, आणि त्याला कारण होतं. २६ दिवसांपूर्वी, १३ जूनला, याच दोन संघांचा साखळी सामना नॉटिंगहॅमला पावसानं एकही चेंडू न पडता रद्द झाला होता. तेव्हाही माझे याच दोन कंपन्यांकडं पैसे होते आणि दोघींनी सगळी रक्कम परत केली होती. त्यावरून मी शिकलो की पाऊस आला तर दोन्हीकडून पैसे परत. एका अनुभवावरून नियम बांधला. साखळी सामन्यांना राखीव दिवस नव्हता, उपांत्य सामन्यांना होता, एवढा फरक ध्यानात घ्यायचा राहिला.

दोन्हींची नियमावली मी वाचलीच नव्हती असं नाही. बरोबरी झाली तर सुपर ओव्हर धरतात का, ते तपासलं होतं. दोघी धरत होत्या. तेवढ्यावर समाधान मानलं.

रात्री ११.००. साडेवीस तास.

आजचा खेळ संपल्याचं जाहीर झालं. उद्या जिथं थांबला तिथूनच पुढं. काकांचा त्या दिवशीचा शेवटचा फोन : “उद्या बघू म्हणं. फुडं तिथनंच हाय.” बसतो म्हणाले उद्या सकाळपासनं.

मी दोन्ही खाती उघडून बघितली. दोन्ही पैजा जिवंत दिसत होत्या. नियम या वेळी वाचायला हवे होते. पहिल्या कंपनीचं कलम असं होतं : स्पर्धेत राखीव दिवस ठरलेला असेल तर पैज त्या दिवशीच्या निकालापर्यंत कायम. दुसरीचं कलम सगळ्या खेळांसाठी एकच होतं : सामना मध्येच थांबला आणि थांबल्यापासून बारा तासांत पुन्हा सुरू झाला नाही तर निकाल न लागलेल्या पैजा रद्द, लावलेली रक्कम परत.

खेळ साडेसहाला थांबला होता. पुन्हा सुरू होणार होता दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला. साडेवीस तास. हा हिशेब करायला कागदसुद्धा लागत नाही. पण दोन्ही कंपन्या ‘सामना विजेता’ याच नावानं पैज विकत होत्या आणि नाव एक म्हणजे वस्तू एक, असं मी धरून चाललो होतो. वस्तू दोन होत्या. एक होती ‘राखीव दिवसासकट विजेता’, दुसरी ‘बारा तासांच्या खंडापर्यंतचा विजेता’. पावसाचा थेंब पडेपर्यंत दोन्ही सारख्या दिसत होत्या.

बुधवार, १० जुलै. सकाळी ६.३०. तेरा तास.

बारा तास भरले. न्यूझीलंडवरच्या माझ्या दोन्ही पैजा दुसऱ्या कंपनीनं रद्द केल्या. तिकडं रात्रीचे दोन वाजले होते. मी झोपलो होतो.

दुपारी १.१५. सव्वासहा तास.

ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये मेल बघितला. रद्द. २८० पौंड खात्यात जमा. आधी वाटलं, पहिलीकडूनही असाच मेल असेल. नव्हता. तिथं भारतावरचे ७२० तसेच उभे.

त्या क्षणापासून मी आर्बिट्राज करत नव्हतो. भारत जिंकला तर २८८ पौंड मिळणार होते, हरला तर ७२० जाणार होते. एक पाय कापला की उरलेली पैज उघडी पडते, आणि उघडी पडते ती बहुतेक वेळा मोठ्या रकमेची, कारण लोकप्रिय संघाचा भाव कमी असतो आणि तिथं जास्त पैसे अडकवावे लागतात.

आणि हे मला आजही टोचतं : त्या वेळी सुटका स्वस्तात मिळत होती. न्यूझीलंड संथ खेळल्यानं त्याचा भाव उलट वाढला होता. दुसऱ्या कंपनीकडंच नव्यानं ४.२० मिळत होता. परत आलेल्या २८० मधले २४० लावले असते तर १,००८ झाले असते, आणि एकूण ९६० गुंतून कोणीही जिंकलं तरी ४८ पौंड सुटले असते. आधीच्या आठाच्या सहापट. पैज रद्द झाल्यानं माझा फायदा झाला असता.

मी बटण दाबलं नाही. म्हटलं, न्यूझीलंड फार तर २४० करणार. रोहितनं त्या स्पर्धेत पाच शतकं ठोकली होती. त्यानं सुरुवातीला दोन चौकार मारले की न्यूझीलंडचा भाव पाच होईल, तेव्हा २०२ पौंडांत काम होईल आणि ८६ सुटतील. थांबू या.

दुपारी ३.००. साडेचार तास.

उरलेले २३ चेंडू. टेलर ७४ वर जडेजाच्या थेट फेकीवर धावबाद. न्यूझीलंड २३९, आठ बाद. माझा अंदाज एका धावेनं चुकला, यावरही मी खूश झालो.

दुपारी ४.००, सुमारे. साडेतीन तास.

रोहित एक. कोहली एक. राहुल एक. चौथ्या षटकाचा पहिला चेंडू पडला तेव्हा ५ बाद ३ नव्हे, ३ बाद ५.

बळी पडला की बुकी बाजार बंद करतो. पडदा राखाडी होतो, कुलपाचं चित्र येतं. तीनदा कुलूप लागलं, तीनदा उघडलं, आणि प्रत्येक वेळी न्यूझीलंडचा भाव खाली उतरलेला. शेवटी उघडला तेव्हा १.५०. माझ्याकडं २८० होते. ते सगळे लावले तर न्यूझीलंड जिंकल्यावर १४० मिळून तोटा ५८० वर येणार होता. ५८० चा तोटा स्वतःच्या हातानं पक्का करायचा, हे मनाला पटेना. तीन तासांपूर्वी ४८ चा नफा पक्का करायलाही पटलं नव्हतं.

काकांचा फोन आला नाही.

संध्याकाळी ५.५०, सुमारे. पावणेदोन तास.

कार्तिक, पंत, पंड्या गेले. ९२ वर सहा. मग जडेजा आला.

त्या भागीदारीबद्दल इथं जास्त लिहीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना आठवते. धोनीबरोबर ११६ धावा, त्यात जडेजाच्या ५९ चेंडूंत ७७. ऑफिसात माझ्या मागं तिघं उभे होते. त्यांना वाटत होतं हा देशासाठी रडायला आलाय. अर्धं खरं होतं.

संध्याकाळी ७.००, सुमारे. अर्धा तास.

जडेजाच्या फटक्यांनी न्यूझीलंडचा भाव पुन्हा चढत दोनवर आला. आता २८० लावले तर तोटा ४४० वर थांबत होता. या वेळी ठरवलं. रक्कम टाकली, बटण दाबलं. चक्र.

खेळ चालू असताना लावलेली पैज बुकी मुद्दाम काही सेकंद रोखून ठेवतो. मैदानात बसलेल्या माणसाला चेंडू टीव्हीच्या आधी दिसतो, त्याचा फायदा कोणी घेऊ नये म्हणून. त्या सेकंदांत चौकार गेला, बळी पडला, की पैज परत येते. माझी आली. ‘भाव बदलला आहे.’ पुन्हा टाकली. चक्र फिरत असतानाच बोल्टच्या चेंडूवर जडेजानं उंच मारलं, विल्यमसननं झेललं. कुलूप.

पुन्हा बाजार उघडला तेव्हा तिथं लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. गप्टिलची फेक, धोनी धावबाद, हे सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी ७.३०, सुमारे.

भारत सर्व बाद २२१, तीन चेंडू बाकी असताना. न्यूझीलंड १८ धावांनी विजयी.

पहिल्या कंपनीच्या खात्यात : भारत, ७२० पौंड, गमावले. दुसऱ्या कंपनीच्या खात्यात : न्यूझीलंड, २८० पौंड, रद्द. जो जिंकला त्याच्यावर माझी पैज होती आणि ती मोजली गेली नाही. त्या दिवसाच्या भावानं एकसष्ट हजार रुपये, आठ पौंडांसाठी.

त्यानंतर.

मी तक्रार केली. दुसऱ्या कंपनीच्या माणसानं सभ्य भाषेत कलमाचा क्रमांक पाठवला. कलम आधीपासून छापलेलं होतं आणि खातं उघडताना मी त्याला होकार दिला होता. इंग्लंडात २००५ च्या कायद्यापासून पैजेचा करार कोर्टात टिकतो, त्यामुळं दाद मागायला जागा आहे. पण दाद मागायची ती त्यांनी नियम मोडला तर. त्यांनी तो पाळला होता. मलकापुरात बसून हेच केलं असतं तर नियमाचं कलम बघायलाही मिळालं नसतं. आपल्याकडं १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानं पैजेचा करारच शून्य, १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं तो धंदा गुन्हा, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशाचे ऑनलाइन खेळही कायद्यानं बंद केले.

त्या निकालानंतर चार दिवसांनी, १४ जुलैला, लॉर्ड्सवर अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंड चौकारांच्या मोजणीवर जिंकलं. ज्या बुकीच्या नियमात सुपर ओव्हर धरत नाहीत, तिथं अशा वेळी बरोबरीचा नियम लागतो : लावलेली अर्धी रक्कम जिंकली असं धरायचं, अर्धी हरली असं. जिथं सुपर ओव्हर धरतात तिथं इंग्लंड सरळ विजेता. ज्यांनी इंग्लंड पहिल्या प्रकारच्या बुकीकडं आणि न्यूझीलंड दुसऱ्या प्रकारच्या बुकीकडं घेतलं होतं, त्यांचे त्या रात्री काय हाल झाले असतील ते मी कल्पनेनं सांगू शकतो. मी त्या सामन्यावर काही लावलं नव्हतं.

काकांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “आदल्या दिशी पाऊस आला नसता तर जिंकलो असतो का रं?” मी म्हटलं, “कुणास ठाऊक काका.”

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीनं माझं खातं आखडलं. कारण दिलं नाही, पण नाणेफेकीनंतर शिळा भाव उचलणारं खातं त्यांच्या यादीत चढतं. पुढच्या पैजेला मी शंभर पौंड टाकले, तेव्हा पडद्यावर कमाल रक्कम आली : दोन पौंड चाळीस पेन्स.